डोंगरातल्या अल्ट्रामध्ये पोल: कधी टेकायचे, कधी मिटायचे

ट्रेकिंग पोल ही डोंगरातल्या लांब शर्यतीत पायांवरचा भार हातांकडे वळवण्याची सोय आहे. पोल शरीराची ताकद वाढवत नाहीत. जे काम मांड्या, नितंब आणि पोटऱ्या एकट्याने करत होत्या, त्यातला काही भाग दंड, खांदे आणि पाठ उचलते एवढेच. दहा किलोमीटरच्या धावण्यात या वाटणीने फारसे काही साधत नाही. पण ज्या शर्यतीत सगळी रात्र, दुसरा दिवस आणि पुन्हा दुसरी रात्र चढ-उतार करत राहायचे असते, तिथे पाय किती शिल्लक राहिले यावर सगळे ठरते. अशा शर्यतीत पोल कुठे कामाचे, कुठे नुसते ओझे आणि त्यांची ने-आण कशी करायची, हे नीट समजून घ्यावे लागते.

यासाठी सगळ्यात चांगले उदाहरण म्हणजे आल्प्समधली ‘अल्ट्रा-ट्रेल द्यू माँ ब्लाँ’, म्हणजेच यूटीएमबी. 2003 मध्ये सुरू झालेली ही शर्यत फ्रान्समधल्या शामोनी गावातून निघते, माँ ब्लाँ पर्वतसमूहाला वळसा घालत इटली आणि स्वित्झर्लंडमधून जाते आणि पुन्हा शामोनीला येते. अंतर साधारण 170 ते 175 किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे 10,000 मीटर. पूर्ण करण्याची मुदत साडेसेहेचाळीस तास. ऑगस्टच्या अखेरीस संध्याकाळी शामोनीतून सुटणाऱ्या गर्दीतल्या बहुतेकांजवळ पोल असतात. सगळ्या शर्यतींत मात्र त्यांना परवानगी नसते. कॅलिफोर्नियातल्या ‘वेस्टर्न स्टेट्स’ या जुन्या शंभर मैली शर्यतीत पोल वापरता येत नाहीत. म्हणून नाव नोंदवल्यावर पहिले काम नियमपुस्तिका वाचण्याचे.

पोल नेमके काय करतात याचा अभ्यास प्रयोगशाळेत झाला आहे. इटलीतल्या उदिने विद्यापीठातल्या संशोधकांनी खड्या चढाच्या ट्रेडमिलवर धावपटूंना पोलसह आणि पोलविना चालायला लावले. खड्या चढावर पोलमुळे ऊर्जेची बचत झाली, पण ती अगदी थोडी, काही टक्क्यांचीच होती. आपण किती दमलो आहोत याची जाणीव मात्र पोल हातात असताना कमी होती. सपाटीवर चित्र उलटे होते. तिथे पोल घेऊन चालताना हातांचे काम वाढते, ऑक्सिजन जास्त लागतो आणि त्या बदल्यात वेग फारसा मिळत नाही. नॉर्डिक वॉकिंग, म्हणजे पोल घेऊन सपाट रस्त्यावर चालणे, हा व्यायाम म्हणून लोकप्रिय आहे तो याच कारणाने. त्यात तेवढ्याच वेगाला जास्त ऊर्जा खर्च होते. व्यायामात तो फायदा असतो, पण शर्यतीत तोच तोटा ठरतो.

मग काही टक्क्यांच्या बचतीसाठी दोन काठ्या दीड-दोन दिवस सांभाळायच्या कशाला? कारण अल्ट्रा धावणाऱ्याला एकूण ऊर्जेपेक्षा पायांची जास्त काळजी असते. श्वास आणि हृदय रात्रभर बऱ्यापैकी साथ देतात. मांड्यांच्या पुढच्या स्नायूंचा दम एकदा संपला की मात्र तो त्या शर्यतीत परत येत नाही. दंड आणि पाठ तुलनेने ताजी असतात. त्यांच्याकडून थोडे काम करून घेतल्याने एकूण खर्च तेवढाच राहिला, तरी तो सोसणारे स्नायू वाढतात. म्हणून मध्यम चढावरही, जिथे प्रयोगशाळेतली बचत शून्याजवळ येते, दमलेल्या धावपटूला पोल उपयोगी पडतात.

याचा ढोबळ हिशेब यूटीएमबीच्या मध्यावरच्या एका चढावर करता येतो. इटलीतल्या कूर्मायर गावातून बेर्तोने या डोंगरातल्या निवाऱ्यापर्यंत वाट सुमारे पाच किलोमीटरमध्ये साडेसातशे-आठशे मीटर चढते. सुरुवातीला गावातला रस्ता, मग जंगलातली वळणावळणाची खडी पायवाट. एका पावलात सरासरी पंधरा सेंटिमीटर उंची चढली असे धरले, तर 770 मीटरसाठी पाच हजारांहून जास्त पावले होतात. दर दोन पावलांना दोन्ही पोल एकदम टेकवले, तर अडीच हजार टेकवण्या होतात. प्रत्येक टेकवणीत दोन्ही पोलांनी मिळून समजा फक्त चार किलो भार पेलला, तरी बेर्तोनेला पोचेपर्यंत पायांवरून दहा टनांचा भार कमी झालेला असतो. ही बेरीज आकड्यांची आहे, स्नायूंची नाही. पण थोडा थोडा आधार हजारो वेळा मिळाला तर काय होते याची कल्पना तिच्यातून येते. ऐंशी किलोमीटर पार केल्यावर आणि पुढे तेवढेच किंवा त्याहून जास्त अंतर उरलेले असताना हा चढ समोर येतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

पोलची लांबी हा पहिला निर्णय. सपाटीवर उभे राहून पोलचे टोक पायाजवळ टेकवले की कोपर साधारण काटकोनात यावे. सेंटिमीटरमधल्या उंचीला 0.68 ने गुणले की जवळपास हीच लांबी मिळते. 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला 115, 160 च्या माणसाला 110. शर्यतीतले हलके पोल बहुधा ठरावीक लांबीचेच येतात आणि त्यांच्या मापांत पाच किंवा दहा सेंटिमीटरचा फरक असतो. दोन मापांच्या मध्ये अडकलेल्याने खड्या चढाच्या शर्यतीसाठी आखूड पोल घेतलेला बरा. चढावर पोलचे टोक पायापेक्षा उंच जमिनीवर पडते. पोल लांब असेल तर हात खांद्याच्या वर जातो, आणि खांदा उचललेला राहिला की मान भरून येते. मुठीखाली स्पंजचे आवरण असलेले पोल असतील, तर फार खड्या जागी हात खाली सरकवून पोल आखूड करता येतो. उतारावर याच्या उलट, तळवा मुठीच्या टोकावर ठेवून त्याच पोलला चार-पाच सेंटिमीटर जास्त लांबी मिळते.

बांधणीत दोन प्रकार प्रचारात आहेत. एकात नळ्या एकमेकींत सरकतात, दुसऱ्यात तीन तुकडे आतल्या दोरीने जोडलेले असतात आणि घडी घालता येते. शर्यतीत घडीचे पोल जास्त दिसतात, कारण ते मिटल्यावर हातभर लांबीचे होतात आणि उघडायला काही सेकंद पुरतात. कार्बनचे पोल हलके आणि ताठ असतात, पण दगडांच्या फटीत टोक अडकून बाजूने जोर बसला की एकदम तुटतात. ॲल्युमिनियमचा पोल थोडा जड असतो, पण तो आधी वाकतो आणि वाकलेल्या पोलवर पुढचा टप्पा गाठता येतो. वेगाने धावणारे कार्बन घेतात. चाळीस तासांच्या हिशेबाने निघालेल्याला ॲल्युमिनियमचे थोडे जास्त वजन झेपण्यासारखे असते, आणि अशा शर्यतीत तुटलेला पोल त्या वजनापेक्षा कितीतरी जास्त महागात पडतो.

खरे तंत्र सुरू होते ते मनगटाच्या पट्ट्यापासून. हात पट्ट्यात वरून घालायचा नसतो. तो खालून वर न्यायचा, आणि मग पट्टा व मूठ दोन्ही एकत्र धरायची. असे केले की तळहाताची कड पट्ट्यावर बसते आणि जोर मुठीऐवजी पट्ट्यातून पोलमध्ये उतरतो. बोटांनी पोल फक्त दिशेला लावायचा. पट्टा उलटा घातला किंवा सैल राहिला, तर सगळा जोर मुठीत आवळण्यावर जातो. दोन तासांत पुढचे हात आखडतात, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या खळगीत फोड येतो. फोड तिथे आला, तर पट्टा चुकला हे नक्की समजावे. पट्ट्याऐवजी हातमोज्यासारखी पट्टी मुठीला अडकवण्याची पद्धतही आहे. तिच्यात जोर आणखी सरळ लागतो आणि बटण दाबून हात क्षणात सुटतो.

चढावर पोल टेकवायची जागा शरीराच्या पुढे नसते. टोक पुढच्या पायाच्या टाचेच्या आसपास, किंवा त्याहून किंचित मागे पडले पाहिजे, आणि पोल मागे झुकलेला असला पाहिजे. तसा तो असला की जोर मागे लागतो आणि शरीर पुढे व वर सरकते. नवशिका माणूस पोल समोर टेकवतो आणि मग स्वतःला त्याच्याकडे ओढून घेऊ पाहतो. अशा वेळी पोल आधी ब्रेकसारखा लागतो, आणि त्याच्यावरून शरीर पुढे न्यायला वेगळे कष्ट पडतात. हात कमरेच्या मागे जाईपर्यंत ढकलत न्यायचा, कोपर अंगाजवळ ठेवायचे. ताकद दंडाच्या मागच्या बाजूची आणि पाठीच्या रुंद स्नायूची लागली पाहिजे. सराव संपल्यावर दुसऱ्या दिवशी हे दोन स्नायू दुखत असतील तर तंत्र बरोबर आहे. नुसते खांदे आणि मान दुखत असेल, तर पोल फार लांब आहे किंवा फार पुढे पडतो आहे.

कानालाही चूक कळते. नीट टेकलेल्या पोलचा आवाज एकच, आखूड येतो. त्याच्यामागे लगेच खरवडल्याचा आवाज आला, तर टोक घसरते आहे. एक तर पोल फार आडवा झाला आहे, किंवा टोक कातळावर पडते आहे आणि थोडे बाजूला, मातीत ते टेकवायला हवे.

हातापायांची लय दोन प्रकारे जुळवतात. कमी चढावर आलटून पालटून: उजवे पाऊल पुढे तेव्हा डावा पोल, डावे पुढे तेव्हा उजवा. चालताना हात असेच हलतात, म्हणून ही लय शिकवावी लागत नाही, आणि तिच्यात वेग टिकतो. चढ खडा झाला, दगडी पायऱ्या आल्या, की दोन्ही पोल एकदम टेकवून दोन पावले टाकायची, पुन्हा टेकवायचे, पुन्हा दोन पावले. या लयीत पाठ थोडी पुढे झुकते आणि दोन्ही हातांचा जोर एकत्र मिळतो. फार उंच पायरीवर मात्र एका पावलाला एक टेकवणी लागते. या लयींत अदलाबदल करत राहण्याचा फायदा असा, की तेच स्नायू तासन्‌तास त्याच पद्धतीने वापरले जात नाहीत. आडव्या उतारावरून जाणाऱ्या वाटेवर डोंगराच्या बाजूचा पोल मुठीखाली आखूड धरावा लागतो आणि दरीच्या बाजूचा पूर्ण लांब.

उतारावर पोलांचे काम बदलते. चढावर ते ढकलतात, उतारावर ते भार झेलतात. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 25 अंशांच्या उतारावर चालताना पोलमुळे गुडघ्यावरचे वेगवेगळे भार 12 ते 25 टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. पुढे 2011 मध्ये वेल्समधल्या स्नोडन डोंगरावर झालेल्या अभ्यासात पोल वापरणाऱ्यांच्या स्नायूंना पुढच्या दिवसांत कमी दुखापत जाणवली. पण हे दोन्ही अभ्यास चालणाऱ्यांचे आहेत, आणि ही मर्यादा मोठी आहे. उतारावर खऱ्या अर्थाने धावणाऱ्याची पावले इतकी जलद पडतात की पोल टेकवून त्यावर भार द्यायला वेळच मिळत नाही. तेव्हा पोल हवेत फिरत राहतात, हात अडवतात आणि वाटेकडे लागलेली नजर टोकांकडे वळवतात. म्हणून उतारावर धावता येत असेल तर पोल मिटायचे. मांड्या थकल्या, चालणे भाग पडले, वाट चिखलाची किंवा सुट्या खडीची झाली, की उघडायचे.

उघडल्यावर टोक शरीराच्या थोडे पुढे आणि पाय पडण्याच्या क्षणभर आधी टेकवायचे. कोपर किंचित वाकलेले असावे, म्हणजे धक्का खांद्यात जात नाही. वजन मागे टाकून पोलवर लोंबकळू नये. मागे झुकले की बुटांचा तळ जमिनीला पूर्ण लागत नाही आणि पाय घसरतो. दगडधोंड्यांच्या उतारावर हात पट्ट्यातून बाहेर काढावेत. टोक फटीत अडकले आणि शरीर पुढे गेले, तर पट्ट्यात अडकलेला अंगठा मागे खेचला जातो आणि त्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध फाटू शकतो. स्कीइंगमध्ये ही इजा नेहमीची आहे. शिवाय पडताना हात मोकळे असले तर ते जमिनीवर टेकवता येतात.

पोल हातात नसतात तेव्हा ते कुठे असतात, यावर शर्यतीतला बराच वेळ आणि चीड अवलंबून असते. सपाट किंवा हलक्या चढ-उताराचा एखाद-दोन किलोमीटरचा तुकडा असेल, तर पोल मिटायची गरज नाही. दोन्ही पोल एका हातात, त्यांचा तोल जिथे सांभाळला जातो तिथे मध्यावर धरायचे. टोके पुढे आणि खाली असावीत. मागे असली तर हात मागे झुलताना ती मागच्या माणसाच्या मांडीत किंवा पोटात जातात. गर्दीच्या वाटेवर हा धोका खरा असतो, आणि आपल्याला तो दिसतही नाही.

जास्त वेळासाठी पोल मिटून अंगावर बांधायचे तीन मार्ग आहेत. पहिला, व्हेस्टच्या छातीवरच्या लवचीक दोऱ्यांत अडकवणे. पोल लगेच हाती येतात, पण पाण्याच्या बाटल्यांच्या आड येतात, आणि खाली वाकून हाताने चढायचे असेल तेव्हा पाय कुठे पडतो ते दिसत नाही. दुसरा, कमरेच्या लवचीक पट्ट्यात मागच्या बाजूला आडवे खोचणे. व्हेस्ट न काढता दोन्ही हातांनी काढता-घालता येतात, म्हणून हा प्रकार अनेकांना आवडतो. पट्टा सैल असेल तर पोल खालीवर आपटत राहतात, आणि अरुंद वाटेवर बाहेर आलेली टोके झुडपांत अडकतात. तिसरा, पाठीवर तिरका लावलेला भाता. एका हाताने खांद्यामागे किंवा कमरेच्या बाजूने पोल त्यात सरकवता येतात आणि ते हलत नाहीत. लांब शर्यतीसाठी हा सगळ्यात चांगला मार्ग आहे. पण भात्याचे तोंड न बघता सापडायला सराव लागतो. कुठल्याही पद्धतीत एक काळजी घ्यावी: पोलची टोके कार्बाइडची, कठीण आणि टोकदार असतात. पिशवीत रेनकोटच्या किंवा पाण्याच्या पिशवीच्या शेजारी खोचलेले टोक तासाभराच्या हिसक्यांत त्यांना भोक पाडते. यूटीएमबीमध्ये वॉटरप्रूफ जॅकेट हे सक्तीचे सामान आहे, म्हणजे हे भोक फक्त कापडाचे नुकसान राहत नाही.

घडीचा पोल उघडायची क्रिया सोपी, पण तिथेच चूक होते. मूठ धरून बाकीचे तुकडे खाली सोडायचे, ते दोरीने आपोआप एका रेषेत येतात. मग वरची नळी आणि मूठ एकमेकांपासून दूर ओढायची, इतकी की बाजूचे छोटे बटण टक्‌कन बाहेर यावे. बटण अर्धेच बाहेर आले, सांध्यात वाळूचा कण अडकला, तर पोल दिसायला ताठ दिसतो आणि पहिल्या भाराला कोसळतो. म्हणून उघडल्यावर प्रत्येक पोल एकदा जमिनीवर दाबून पाहावा, मगच वाटेला लागावे. थंडीत, ओल्या हातमोज्यांत हे बटण दाबायला बोटांत जोर राहत नाही. उघडणे-मिटणे अंधारात, हातमोजे घालून, चालता चालता जमेपर्यंत सरावात करावे.

आता हे सगळे यूटीएमबीच्या वाटेवर लावून पाहू. धावपटू चाळीस-बेचाळीस तासांत शर्यत संपवू पाहणारा आहे असे धरू. या शर्यतीच्या नियमाने त्याचा एक निर्णय सुरुवातीलाच पक्का होतो: पोल घ्यायचे तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःजवळ बाळगायचे. वाटेत कोणाकडे देता येत नाहीत, पुढे पाठवलेल्या बॅगेत ठेवून तिथे उचलता येत नाहीत. म्हणून ते अंगावर कसे राहतील याचा विचार फक्त चढांचा नाही, पूर्ण शर्यतीचा करावा लागतो.

शामोनीपासून ले हूश गावापर्यंतचे पहिले आठेक किलोमीटर जवळजवळ सपाट आणि गर्दीचे आहेत. पोल भात्यात. त्यानंतरच्या पहिल्या चढावर बहुतेक जण पोल काढतात. काढण्यासाठी मात्र वाटेच्या कडेला सरकावे, मध्येच थांबू नये. सां-जर्वेकडे उतरणारा भाग खडा आहे, पण पाय ताजे आहेत. धावता येते, म्हणून पोल पुन्हा मिटायचे. पुढे ले कोंतामीनपर्यंत चढ-उतार बारीक आणि वारंवार आहेत. दर पाच मिनिटांनी पोल उघडत-मिटत बसण्यापेक्षा ते एका हातात धरून जावे.

रात्र पडते तेव्हा बोनोमची खिंड येते. सुमारे 1,200 मीटरपासून 2,400 मीटरच्या वरपर्यंतचा हा सलग चढ शर्यतीतला पहिला मोठा चढ आहे. इथे पोल पूर्ण वेळ हातात हवेत. याच चढावर एक चूक सर्रास होते: दोन्ही हात पोलवर असल्याने खाणे राहून जाते. दोन तासांच्या चढावर काहीच न खाता माथ्यावर पोचलेला माणूस पुढच्या उतारावर डळमळतो. कमी चढाचा तुकडा येताच दोन्ही पोल एका हातात घेऊन, दुसऱ्या हाताने खायचे. घड्याळात अर्ध्या तासाचा गजर लावला तर हे विसरत नाही.

शापिउकडचा उतार, मग सेन्यची खिंड ओलांडून इटलीत प्रवेश. वाट पिरामिद काल्केर नावाच्या दगडधोंड्यांच्या भागातून जाते तेव्हा पोल टेकवायला धड जागा मिळत नाही आणि मोठ्या फटी जिकडेतिकडे असतात. कार्बनचे पोल तुटायचे असतील तर अशाच जागी तुटतात. इथे ते मिटून हात मोकळे ठेवणे बरे. कूर्मायरला उतरणारा शेवटचा भाग जंगलातला, खडा आणि धुळीचा आहे. मांड्या अजून साथ देत असतील तर तो धावून उतरावा. नसतील तर पोल घेऊन, पट्टे सोडून.

बेर्तोनेच्या चढाचा हिशेब वर आलाच आहे. त्याच्यानंतर बोनात्ती निवाऱ्यापर्यंतची डोंगरकुशीतली वाट धावण्यासारखी आहे. तिथे पोल पुन्हा भात्यात जातात. मग 2,500 मीटरच्या वर जाणारी ग्राँ कोल फेरे ही खिंड. इथे वारा जोराचा असतो, आणि हलके पोल टेकवण्याआधी वाऱ्याने बाजूला ढकलले जातात. त्यामुळे हात थोडे खाली आणि टेकवण्या आखूड ठेवाव्या लागतात. स्वित्झर्लंडमधल्या लांब उतारावर बऱ्याच जणांच्या मांड्या संपलेल्या असतात. शांपेनंतर येणारे तीन चढ आणि तीन उतार कमी उंचीचे असले तरी सगळ्यात जड जातात. आता पोल मिटण्याचे कारण क्वचितच उरते. उतारावर चालणेच चालले असते, झाडांची मुळे आडवी येतात, झोप डोळ्यांवर असते, आणि दोन जादा टेके तोल सावरतात. ला फ्लेजेरहून शामोनीकडचा शेवटचा उतार मुळांचा आहे. तिथेही पट्टे सोडून चालणेच शहाणपणाचे.

हे तंत्र शर्यतीच्या आठवड्यात येत नाही. आठ-दहा आठवडे आधी, आठवड्यातल्या एका लांब चढाच्या सरावात पोल घेऊन सुरुवात करावी. पहिल्या दोन-तीन वेळा नाडी नेहमीपेक्षा वर गेलेली दिसेल, कारण हात नवीन काम शिकत असतात. वेग मुद्दाम कमी ठेवला की ती खाली येते. त्याच सरावात व्हेस्ट पूर्ण भरून भाता किंवा पट्टा वापरून पाहावा, रिकाम्या व्हेस्टवर तो वेगळा बसतो.

सह्याद्रीत सराव करणाऱ्यांसाठी वाटेचा पोत वेगळा आहे, हे लक्षात ठेवावे लागते. सिंहगड, राजगड, तोरणा यांच्या मातीच्या चढांवर आणि पावसाळ्यानंतरच्या गवताळ सोंडांवर पोल चांगले पकडतात. पण ओल्या, शेवाळलेल्या कातळावर कार्बाइडचे टोक निसटते. खोदीव पायऱ्यांवर, किंवा जिथे दगड हाताने धरून चढायचे असते तिथे, पोल हातात ठेवणे सरळ धोक्याचे आहे, तिथे ते मिटलेच पाहिजेत. आल्प्समध्ये अशा जागा कमी आहेत. म्हणून सह्याद्रीत सराव केलेल्यांना पोल लवकर मिटायची सवय आपोआप लागते. यूटीएमबीसाठी त्यांनी मुद्दाम सलग तासभर पोल न मिटता चढण्याचा सराव करावा, कारण तिथला एकेक चढ तेवढा लांब आहे.

शर्यतीनंतर, आणि पावसात भिजलेल्या प्रत्येक सरावानंतर, पोल सुटे करून रात्रभर वाळवावेत. सरकणाऱ्या नळ्यांत पाणी राहिले तर कुलूप गंजते आणि पुढच्या चढावर सुटते. घडीच्या पोलमध्ये आतली दोरी सांध्यापाशी झिजते. तिचे धागे उसवलेले दिसले, किंवा पोल उघडल्यावर सांधा सैल हलत असेल, तर दोरी बदलावी. झिजून गोल झालेले कार्बाइडचे टोकही बदलता येते, आणि टोक गोल झाल्याची खूण म्हणजे दगडावर पूर्वी पकडणारा पोल आता सरकू लागतो.